कच्ची पोरंच जास्त मार्क का सांगतात?

"सर, ज्याला कमी येतं त्यालाच जास्त येतंय असं वाटतं, हा म्हणे नियमच आहे. परवा एका प्रशिक्षणात डोंगरासारखा आलेख दाखवला, सुरुवातीला आत्मविश्वास शिखरावर, मग दरी, मग हळूहळू चढ. माझ्या वर्गातही पेपर झाला की कच्ची पोरंच मोठे आकडे सांगतात. हे खरंच संशोधनातून सिद्ध झालंय, की नुसतं बोलायला बरं? आणि खरं असेल तर अशा पोरांचं करायचं काय?" (अंबाजोगाईच्या एका शिक्षिकेचा प्रश्न)

मॅडम, तुम्हाला वर्गात जे दिसतंय ते खरं आहे. त्यामागचं कारण मात्र प्रशिक्षणात सांगितलं तेवढं सरळ नाही. त्यातला मोठा भाग निव्वळ अंकगणिताचा आहे, थोडा भाग माणसाच्या सर्वसाधारण आशावादाचा, आणि या दोन्ही गोष्टी बाजूला काढल्यावर जो लहानसा भाग उरतो तो खरा आहे. आपल्या कामाचा तोच.

आधी तो डोंगर बाजूला ठेवू. मीही तो आलेख तीन-चार वर्षं पालकसभेत दाखवत होतो. एकदा मूळ लेख काढून वाचला, तर त्यात डोंगरही नाही आणि दरीही नाही. जस्टिन क्रूगर आणि डेव्हिड डनिंग यांचा हा लेख १९९९ चा, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातला. त्यांनी विद्यार्थ्यांना विनोद ओळखणं, तर्क आणि इंग्रजी व्याकरण अशा विषयांच्या चाचण्या दिल्या आणि विचारलं, की इतरांच्या तुलनेत तुम्ही कुठे आहात असं तुम्हाला वाटतं? उत्तर पर्सेंटाइलमध्ये घेतलं. पर्सेंटाइल म्हणजे काय ते नीटवाल्या पोरांना सांगावं लागत नाही, तरी सांगतो. शंभरातले किती जण तुमच्या मागे आहेत, तो आकडा. मग गुणांवरून विद्यार्थ्यांचे चार गट पाडले आणि प्रत्येक गटाचं खरं स्थान आणि त्यांनी सांगितलेलं स्थान शेजारी मांडलं.

लेखातला गाजलेला आकडा असा, की सगळ्यात खालच्या गटाचं खरं स्थान १२, पण त्यांना वाटत होतं ६२. व्याकरणाच्या चाचणीत खालच्या गटाचं खरं स्थान १० होतं आणि त्यांनी आपल्या पेपरबद्दल सांगितलं ६१. वरच्या गटाचं खरं स्थान ८९, त्यांनी सांगितलं ७०. आता हे दोन सांगितलेले आकडे शेजारी ठेवून बघा, ६१ आणि ७०. कच्ची मुलं हुशार मुलांपेक्षा स्वतःला वरचढ समजत नव्हती. ती स्वतःला हुशारांच्या खालीच धरत होती, फक्त जेवढं खाली धरायला हवं होतं तेवढं नाही. खरी रेघ १० वरून ८९ वर चढते आणि अंदाजाची रेघ ६१ वरून ७० वर, म्हणजे जवळजवळ आडवीच. मूळ आलेख एवढाच आहे. डोंगर नंतर कुणीतरी काढला आणि तोच फिरत राहिला.

आता अंकगणित. 'खालच्या गटाचं खरं स्थान १२' हे वाक्य शोध लागल्यासारखं सांगितलं जातं. पण वर्गाचे गुणांप्रमाणे चार सारखे भाग केले, तर सगळ्यात खालच्या भागाचं सरासरी पर्सेंटाइल साडेबाराच्या आसपासच येणार, मग वर्ग लातूरचा असो की कॉर्नेलचा. तिथं उभ्या असलेल्या माणसाचा अंदाज चुकला तर तो वरच्या बाजूलाच चुकेल, कारण खाली जागाच नाही. सगळ्यात वरच्या गटाचंही तेच, फक्त उलट्या दिशेनं. त्यांची चूक खालीच येणार.

हे मी वर्गात चिठ्ठ्यांवर करून दाखवतो. चाळीस पोरं असतील तर एका डब्यात १ ते ४० च्या चिठ्ठ्या, दुसऱ्या डब्यात पुन्हा १ ते ४०. पहिल्या डब्यातली चिठ्ठी म्हणजे तुझा खरा नंबर, दुसऱ्यातली म्हणजे तुला वाटलेला नंबर. डोकं कुणाचंच लागलेलं नाही, नुसती चिठ्ठी. मग खऱ्या नंबरानं शेवटचे दहा उभे करायचे. त्यांच्या खऱ्या नंबराची सरासरी साडेपस्तीस, आणि वाटलेल्या नंबराची सरासरी येते विसाच्या आसपास. म्हणजे शेवटचे दहा जण स्वतःला वर्गाच्या मधोमध समजतायत. पहिले दहाही स्वतःला मधोमधच समजतायत, म्हणजे ते 'विनम्र' निघाले! पोरं हसतात. पण मूळ आलेखासारखा दिसणारा आलेख फळ्यावर तयार झालेला असतो, आणि त्यात मानसशास्त्र औषधालासुद्धा नाही.

चिठ्ठ्या करायचा कंटाळा असेल तर कॉम्प्युटरच्या लॅबमध्ये एक्सेल उघडा. पहिल्या ओळीत मथळे द्या, ही तीन सूत्रं A2, B2, C2 मध्ये टाका आणि ४०१ व्या ओळीपर्यंत खाली ओढा. A म्हणजे गुण, B म्हणजे सांगितलेलं पर्सेंटाइल, C म्हणजे खरं पर्सेंटाइल.

```
A2:  =RAND()
B2:  =RAND()*100
C2:  =PERCENTRANK(A$2:A$401,A2)*100
```

मग बाजूच्या रिकाम्या खणांत खालच्या गटाचं खरं आणि सांगितलेलं स्थान काढा:

```
=AVERAGEIF(C2:C401,"<25",C2:C401)
=AVERAGEIF(C2:C401,"<25",B2:B401)
```

पहिला आकडा साडेबाराच्या जवळ येईल, दुसरा पन्नासच्या. F9 दाबलं की सगळे आकडे नव्याने पडतात. दुसरा आकडा कधी ४६ होईल, कधी ५४, पण १२ च्या जवळ काही जायचा नाही. "<25" च्या जागी ">=75" टाकून वरचा गटही बघून घ्या.

या चिठ्ठ्यांवरून काही लोक लगेच दुसऱ्या टोकाला जातात, 'म्हणजे हे सगळं खोटंच!' असं म्हणतात. तसंही नाही. चिठ्ठीचा खेळ सांगतो, की अंदाजात खऱ्या कुवतीची काहीच माहिती नसेल तर असा आलेख येतो. आणि माणसांच्या अंदाजात अशी माहिती फार थोडी असते, हे आपल्या जागी खरंच आहे. पण ते सगळ्यांना लागू आहे, फक्त कच्च्यांना नाही. वर्गात आपण नेमके कुठे आहोत हे पहिल्या बाकावरच्यालाही नीट माहीत नसतं. खालच्याची चूक 'फुशारकी' दिसते आणि वरच्याची 'नम्रता', कारण दोघं वेगवेगळ्या टोकांना उभे आहेत.

मग चिठ्ठीत पन्नास आणि कॉर्नेलमध्ये साठच्या पुढे, हा फरक कशाचा? तो आशावादाचा. बहुतेक माणसं ओळखीच्या कामात स्वतःला मध्यापेक्षा जरा वर धरतात. स्वीडनच्या ओला स्वेन्सन यांनी १९८१ मध्ये गाडी चालवणाऱ्यांना विचारलं, तर अमेरिकेतल्या ९३ टक्के लोकांनी आणि स्वीडनमधल्या ६९ टक्के लोकांनी आपलं कौशल्य मधल्या माणसापेक्षा वरचं आहे असं सांगितलं. औसा रोडवर संध्याकाळी पाचला उभं राहून विचारलं तर इथंही वेगळं ऐकायला मिळेल असं मला वाटत नाही.

पण काम अवघड निघालं की हा आशावाद पार उलटतो. २००६ मध्ये बर्सन, लॅरिक आणि क्लेमन यांनी सोप्या-अवघड कामांची तुलना करून दाखवलं, की काम फारच अवघड असेल तर अंदाज जास्त चुकतो तो वरच्या गटाचा, खालच्यांचा बऱ्यापैकी बरोबर येतो. हे आम्ही दरवर्षी बघतो. फिजिक्सचा पेपर मुद्दाम अवघड काढला की साडेसहाशेवाली पोरगी मेसमध्ये न जेवता रडत बसते, आणि कच्चा गडी 'गेला पेपर' म्हणून मोकळा होतो. त्या दिवशी अंदाज त्याचाच बरोबर असतो. म्हणजे 'कच्च्याला आपलं कळत नाही' हे सगळ्या पेपरांना लागू होणारं विधान नाही. तुमच्या शाळेतले पेपर सोपे किंवा मध्यम असतील, तर तुम्हाला ते जास्त ठळक दिसणार.

एवढं वजा करून खरं काय उरतं, यावर पंचवीस वर्षं वाद चालू आहे. २०२० मध्ये गिन्याक आणि झाजेनकोव्स्की यांनी ९२९ लोकांची बुद्धिमत्ता चाचणी आणि त्यांचे स्वतःबद्दलचे अंदाज घेतले. गट पाडण्याऐवजी त्यांनी सरळ विचारलं, की खालच्या टोकाला अंदाजाची रेघ वेगळी वाकते का, तिथं चुका जास्त पसरलेल्या आहेत का? दोन्हीची उत्तरं जवळपास 'नाही' अशीच आली. पुढच्याच वर्षी जॅन्सन, रॅफर्टी आणि ग्रिफिथ्स यांनी व्याकरण आणि तर्काच्या चाचण्या हजारो लोकांवर पुन्हा घेतल्या आणि गणिती मॉडेलं ताडून पाहिली. त्यांचं म्हणणं असं, की आलेखाचा बराच भाग अंकगणितातून निघतो, पण तेवढ्यानं सगळं भागत नाही. कमी गुणवाल्यांना आपलं एखादं उत्तर बरोबर आहे की चूक हे ओळखणंही काही अंशी कमी जमतं, असं धरलं तर मॉडेल आकड्यांवर जास्त नीट बसतं. मला स्वतःला हे दुसरं पटतं. लेख वाचून पटलं म्हणण्यापेक्षा, वीस-बावीस वर्षं लातुरात फिजिक्स शिकवताना आणि टेस्ट सिरीजचे पेपर तपासताना माझ्या हाताखालून जे गेलं, त्यावरून.

आपलं उत्तर चूक आहे हे का ओळखता येत नाही, ते एका कोड्यात बघा. हे पीटर वॉसन यांचं कोडं, १९९९ च्या त्या संशोधनातही वापरलेलं. मी अक्षरं आपली घेतो. टेबलावर चार पत्ते आहेत. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला अंक. वरून दिसतंय: अ, क, ४, ७. नियम असा, की एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते. नियम खरा की खोटा हे तपासायला कमीत कमी कोणते पत्ते उलटावे लागतील?

बहुतेक जण म्हणतात अ आणि ४. बरोबर उत्तर अ आणि ७. ४ च्या मागे व्यंजन निघालं तरी नियम मोडत नाही, कारण सम संख्येमागे स्वरच हवा असं कुणी म्हटलेलं नाही. ७ च्या मागे स्वर निघाला तर मात्र नियम मोडला. यात लक्ष द्यायचं ते वेगळ्याच गोष्टीकडे. 'अ आणि ४' म्हणणाऱ्या पोराला कुठे अडल्यासारखं वाटत नाही. त्याच्याकडे एक रीत आहे, नियमात ज्यांची नावं आली ते पत्ते उलटायचे. असलीच दहा कोडी दिली तर तो दहाही त्याच रीतीनं झरझर सोडवेल, दहाही चुकतील, आणि बाहेर येऊन सांगेल की पैकीच्या पैकी. स्वतःच्या रीतीनं तपासून पाहिलं तरी उत्तर बरोबरच येणार, कारण तपासायची फूटपट्टीही तीच, आखूड. २०१३ मध्ये विल्यम्स, डनिंग आणि क्रूगर यांनी हेच दाखवलं. जी माणसं एकच रीत सगळीकडे सातत्यानं लावतात त्यांचा आत्मविश्वास जास्त असतो, मग ती रीत बरोबर असो की चूक. जो चाचपडतो, प्रत्येक प्रश्नाला वेगळं काहीतरी करून बघतो, त्याला निदान कळतं की आपण चाचपडतोय.

म्हणून 'काहीच येत नाही म्हणून कळत नाही' असं म्हणणं मला चुकीचं वाटतं. ज्याला काहीच येत नाही तो प्रश्न कोरा सोडतो, त्याला ते माहीत असतं. हार्मोनियम कधी हातात न घेतलेल्याला विचारा, तो स्वतःला सगळ्यात खाली धरेल. फसतो तो चुकीचं पक्कं येत असलेला.

आता आमच्याकडचा एक मुलगा घ्या. शेतकऱ्याचा पोरगा, बारावी झालेला, रिपीटर. नीटच्या धर्तीचा पेपर, १८० प्रश्न, ७२० गुण, बरोबरला अधिक चार, चुकीला उणे एक. पेपर देऊन आला आणि म्हणाला, "सर, साडेपाचशे कुठं जात नाहीत." आले ३८८.

एवढ्यावरून मी काहीच ठरवत नाही. एखादा रविवार वाईट जातो. चिठ्ठीच्या खेळाची बाधा टाळायची तर गट एका पेपरावरून पाडायचे आणि फरक पुढच्या पेपरात मोजायचा, म्हणजे पहिल्या पेपरातल्या नशिबाचा भाग बराचसा गळून जातो. टेस्ट सिरीज चालू असली की हे आपोआप होतं. या पोराचा फरक लागोपाठ तिसऱ्या रविवारी एवढाच होता, म्हणून त्याला बसवून घेतलं.

दुसरं म्हणजे 'किती मार्क येतील' हा प्रश्नच मी आता पहिल्यांदा विचारत नाही. त्या एका आकड्यात आशा, घरचा फोन, शेजारच्या बाकावरचा पोरगा, सगळं मिसळलेलं असतं. त्याऐवजी पेपर सोडवतानाच प्रश्नपत्रिकेच्या समासात, ओएमआरवर नाही, प्रत्येक प्रश्नापुढे 'प' किंवा 'अं' लिहायचं. पक्कं किंवा अंदाजे. १८० मिनिटांत १८० प्रश्न असतात, त्यामुळे यापेक्षा जास्त बारीक खुणा करायला वेळ नसतो आणि गरजही नसते.

त्याच्या समासात १२० 'प' होते, ५२ 'अं', आणि ८ कोरे. त्याचा हिशेब असा होता, की १२० पक्के म्हणजे ४८०. अंदाजाचे ५२, त्यातले निम्मे लागले तर २६ चोक १०४, वजा २६, म्हणजे ७८. एकूण ५५८. प्रत्यक्षात १२० पैकी ९२ बरोबर, २८ चूक. अंदाजाच्या ५२ पैकी २० बरोबर, ३२ चूक. म्हणजे ११२ बरोबरचे ४४८, वजा ६० चुकीचे, ३८८.

आता १७० गुण गेले कुठे? बरोबर धरलेला प्रश्न चुकला की चार जातात आणि वर एक कापला जातो, म्हणजे पाच. अंदाजात त्यानं २६ धरले होते, लागले २०. सहा कमी, म्हणजे ३० गुण. उरलेले १४० त्या २८ 'पक्क्या' प्रश्नांचे. मुलगा फुशारकी मारत होता, किंवा नशिबावर भरवसा ठेवून होता, असं म्हणावं तर ती चूक अंदाजाच्या खान्यात दिसली असती. तिथं तो फारसा चुकलेला नाही. चुकला तो जिथं त्याला शंकाच नव्हती तिथं.

ते २८ प्रश्न आम्ही दोघांनी टेबलावर मांडले. गणिती चुका, घाईत '− ' चं चिन्ह हुकणं असले नऊ निघाले. उरलेले एकोणीस मोजून चार समजुतींवर उभे होते. वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूला क्षणभर थांबतो, म्हणजे तिथं त्वरण शून्य. (वेग शून्य असतो, त्वरण तिथंही ९.८ च, खालच्या दिशेनं.) घर्षण नेहमी गतीच्या विरुद्ध असतं. धमनीत कायम शुद्ध रक्त असतं. उत्प्रेरक टाकला की समतोलाला जास्त उत्पादन मिळतं. प्रत्येक समजूत चार-पाच प्रश्नांत वापरलेली, कुठेही न अडखळता. त्याला मी विचारलं, "हे त्वरण शून्याचं कुठून आणलंस?" तो म्हणाला, "सर, थांबलाय ना तो!" बोलण्यात शंकेचा लवलेश नव्हता.

घर्षणाचं सोडवायला मी त्याला त्याच्याच घरचं उदाहरण दिलं. टेम्पोत सोयाबीनचं पोतं ठेवलंय, दोरी बांधलेली नाही, टेम्पो हळूच सुटला. पोतं टेम्पोबरोबर पुढे जातंय. त्याला पुढे कोण ढकलतंय? हात लावलेला नाही, मागे टेकण नाही. बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "खालचा पत्रा." पत्रा म्हणजे घर्षण, आणि ते पोत्याच्या गतीच्याच दिशेनं. घर्षण विरोध करतं ते दोन पृष्ठभागांच्या एकमेकांवरून घसरण्याला, दर वेळी गतीला नाही. एवढं झाल्यावर त्याला उरलेले घर्षणाचे प्रश्न मी काही न सांगता परत बघायला दिले. चार 'प' त्यानं स्वतःच खोडले. "हे पण गेले," म्हणाला.

हे खोडणं म्हणजे १९९९ च्या लेखातला, माझ्या मते, सगळ्यात मोलाचा भाग, आणि नेमका तोच कुणी सांगत नाही. चौथ्या प्रयोगात त्यांनी विद्यार्थ्यांना आधी वॉसनच्या धर्तीची कोडी दिली, मग निम्म्या जणांना तसली कोडी कशी तपासायची याचं छोटं प्रशिक्षण दिलं आणि त्यांचाच जुना पेपर पुन्हा समोर ठेवला. प्रशिक्षण मिळालेल्या कच्च्या मुलांनी आपला अंदाज खाली आणला. त्यांना कुणी 'तू कच्चा आहेस' म्हटलेलं नव्हतं. रीत हाती आली आणि चूक दिसली.

त्याच्या आधीचा, तिसऱ्या प्रयोगाचा दुसरा टप्पा याच्या उलट बोलतो. व्याकरणाच्या चाचणीतल्या वरच्या आणि खालच्या गटाला काही आठवड्यांनी परत बोलावून इतर पाच जणांचे पेपर तपासायला दिले. इतरांचे पेपर बघून वरच्या गटानं आपला अंदाज सुधारला, आपण समजत होतो त्यापेक्षा वर आहोत हे त्यांना कळलं. खालच्या गटाच्या अंदाजात सुधारणा झाली नाही. चांगला पेपर समोर असून तो चांगला आहे हे ओळखायलाही तेच व्याकरण लागतं. म्हणून मॅडम, 'त्या पहिल्या आलेल्या पोरीचा पेपर बघ जरा' हा आपला सगळ्यांचा आवडता उपाय कच्च्या पोरावर चालत नाही. त्याला दोन पेपरांत फरकच दिसत नाही. बक्षिसाचंही तेच. एर्लिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अचूक अंदाजाला शंभर डॉलरपर्यंत देऊ केले, तरी खालच्या गटाचे अंदाज सुधारले नाहीत. खोटं बोलणारा पैशासाठी खरं बोलला असता. ही पोरं खोटं बोलतच नव्हती.

तुमच्या प्रशिक्षणातल्या डोंगराला एका बाबतीत थोडा आधार मात्र आहे, आणि तो वेगळ्याच संशोधनातून आलाय. २०१८ मध्ये सँचेझ आणि डनिंग यांनी लोकांना एक काल्पनिक काम दिलं. झोंबींचे आजार लक्षणांवरून ओळखायचे, एकापाठोपाठ एक रुग्ण, प्रत्येक वेळी उत्तर बरोबर की चूक ते सांगायचं. अगदी सुरुवातीला लोक सावध होते. थोडे रुग्ण बघून झाल्यावर त्यांचा आत्मविश्वास कौशल्याला मागे टाकून भराभर चढला, आणि मग काही काळ जवळपास तिथंच रेंगाळला. म्हणजे नवखा पहिल्या दिवशी फुगत नाही, पाचव्या-सहाव्या दिवशी फुगतो, चार अनुभवांवरून एक रीत बांधली की. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं. पूर्ण हळकुंड नको आणि शून्यही नको, अर्धंच लागतं. 'उथळ पाण्याला खळखळाट फार' ही म्हण माणसाच्या जातीबद्दल बोलते, हळकुंडाची म्हण एका टप्प्याबद्दल. संशोधन मला दुसरीच्या जवळचं वाटतं. आमच्याकडे अकरावीच्या दिवाळीनंतर पहिल्या दोन धड्यांवरची पोरं असतात ना, तीच ही.

आता त्या मुलाचं पुढे काय झालं तेही सांगतो, कारण तिथं माझाच अंदाज चुकला. पाच रविवारांनंतरच्या पेपरात त्याच्या समासात 'प' उरले ९६, त्यातले ८८ बरोबर. 'अं' ४४, त्यातले १७ लागले. आधी त्यानं मला आकडा सांगितला होता ४१५. आले ३८५. म्हणजे अंदाजातला फरक १७० वरून ३० वर आला. मी खूश. संध्याकाळी वडिलांचा फोन, "सर, मार्क तर हाईत तेवढेच हाईत की. उलट तीन कमीच."

बरोबर बोलत होते. पेपर पुन्हा काढला तेव्हा दिसलं, की या वेळी त्यानं ४० प्रश्न कोरे सोडले होते. आधी ८ सोडायचा. पक्कं वाटलेलंही चुकतं हे कळल्यावर आता त्याला कशाचाच भरवसा वाटेना. मी त्याला तेच चाळीस पेन्सिलनं सोडवायला लावले, न पटणारे पर्याय खोडून. चौदा बरोबर आले, सव्वीस चुकले. ५६ वजा २६, तीस गुण तो बाकावर सोडून आला होता. चार पर्यायांत डोळे झाकून बोट ठेवलं तरी दर प्रश्नाला सरासरी पाव गुण मिळतो, आणि दोन पर्याय खोडता आले तर दीड. हे गणित मी त्याला 'प' आणि 'अं' शिकवलं त्याच दिवशी सांगायला हवं होतं. आता समासात तिसरी खूण सुरू केलीय, 'दो', म्हणजे दोन पर्याय उरलेत, ठोकून दे.